चौदावर गेलेला काटा

ढगाळ हवेचा दुसराच दिवस होता. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लशींच्या फ्रिजचा काटा पाहिला आणि तडक सोलरच्या मेकॅनिकला बोलावून घेतलं. आठ अंशांच्या आत हवा तो काटा चौदावर होता. सोलरची बॅटरी तर उन्हाशिवाय तीन दिवस पुरेल अशी बसवली होती.

मेकॅनिकने वायरीचा माग काढला. ती बाळंतिणींच्या खोलीतल्या पंख्याकडे गेली होती.

“हा कुणी जोडला?”

“माझ्या नवऱ्याने,” नर्सबाई कशाबशा म्हणाल्या. “मीच सांगितलं. बायका घामाने निथळत होत्या हो.”

“बाई, बॅटरी एकट्या फ्रिजच्या हिशोबाने घेतलीय. पंख्याने निम्मी खाल्ली.”

त्याने पंख्याची वायर तोडली. नर्सबाईंनी लशी बर्फाच्या पेटीत हलवल्या, वर ‘वापरू नका’ अशी चिठ्ठी चिकटवली. मग त्यांनी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला: “साहेब, लशी तापल्या. पंखा मीच जोडायला लावला होता.”