अडलं तर योर्लेनीला विचारा

एरेदिया शहरातल्या त्या कॉल सेंटरमध्ये नव्याने लागलेल्या माणसांना पहिल्या दिवशी जो व्हिडिओ दाखवत, त्यात इतकी वर्षं शिनिया दिसायची. परदेशातल्या हॉटेलांचं बुकिंग सांभाळणाऱ्या त्या कंपनीत तिला कँटीनच्या बाईपासून सगळे ओळखत, ते त्या व्हिडिओमुळेच. पण त्यातली कामाची प्रणाली आता बदलली होती, म्हणून साहेब ओल्मन यांनी नवा व्हिडिओ करायचं ठरवलं. स्क्रिप्ट शिनियाने लिहायची. कॅमेऱ्यासमोर मात्र योर्लेनी.

योर्लेनीला शिनियानेच शिकवून तयार केलं होतं. हेडफोन कानाला लावायचीही भीती वाटायची त्या पोरीला. ओल्मन म्हणाले, नव्यांना त्यांच्या वयाचं कुणी दिसलं की बरं वाटतं. शिनिया हसून हो म्हणाली, आणि जागेवर येऊन कॉफी न पिताच कप तसाच बाजूला सरकवला.

स्क्रिप्ट तिने चोख लिहिली. आधी साधनं: पासवर्ड टाकल्यावर मोबाइलवर येणारा कोड कुणालाही, अगदी आपल्या वरिष्ठांनाही सांगायचा नाही, ग्राहकाची तक्रार आली की बोलता बोलताच नोंद उघडायची. शेवटी पहिला आठवडा: सुरुवातीला फक्त दुसऱ्यांचे कॉल ऐकायचे, मग शेजारी जुनं माणूस बसवून स्वतः घ्यायचे. वेगाची अपेक्षा नाही, विचारण्याची आहे.

मधला भाग माणसांचा होता. कोणतं काम कुणाकडे, ते सांगायचं. तिथे तिची बोटं थांबली. बाहेरच्या खोलीत योर्लेनी तालीम करत होती आणि रंगभूषेवाली तिच्या केसांचं कौतुक करत होती. शिनियाने लिहिलं, ‘कॉम्प्युटर अडला, सुट्टी हवी असली, ग्राहक चिडला, काहीही असो, योर्लेनीला विचारा.’ खाली तिचा अंतर्गत नंबरही टाकला. मिरव आता, असं ती मनात म्हणाली.

योर्लेनीने ते वाक्य वाचलं, क्षणभर शिनियाकडे पाहिलं आणि कॅमेऱ्यासमोर गोड हसून म्हणून टाकलं. घाईत असलेल्या ओल्मननी न बघताच मंजुरी दिली.

सोमवारी नवी तुकडी आली. दुपारपर्यंत योर्लेनीच्या टेबलाभोवती घोळका जमला. कुणाचा कोड येईना, कुणाला पगाराचं खातं विचारायचं होतं, कुणाला बसचा मार्ग. शिनियाला वाटलं होतं, पोरगी दमेल, चिडेल. ती दमली, पण चिडली नाही. पोरं तिला कॉफी आणून देऊ लागली. शिनियाच्या टेबलाशी, जिथे दर तुकडीची रांग लागायची, तिथे आता कुणी फिरकेना. तिला तर ते आणखीच झोंबलं.

बुधवारी त्या गडबडीत योर्लेनी स्वतःच्या कामातला, हॉटेलला द्यायचा एक गट-बुकिंगचा निरोप विसरली. सान होसेहून परदेशी लग्नाला गेलेली पाहुणेमंडळी तिथल्या हॉटेलात खोल्यांविना उभी राहिली. ओल्मननी दोघींना आत बोलावलं आणि विचारलं, सगळ्या नव्यांनी योर्लेनीकडेच का जावं?

“बोलण्याच्या भरात मीच माझं नाव घेतलं,” योर्लेनी म्हणाली. “चूक माझी.”

ओल्मन फोनकडे वळले. बाहेर आल्यावर शिनियाने तिचा दंड धरला. “खोटं का बोललीस?”

“शिनिया मॅडम, व्हिडिओत माणसाचं नाव घालू नये, पद घालावं, माणसं बदलतात, हे मला कुणी शिकवलं?” योर्लेनीचा आवाज शांत होता. “वाचलं तेव्हा वाटलं, मला मोठं करताय. काल रात्री कळलं, तसं नव्हतं.”

“मग आत का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही सांगाल, असं वाटलं.”

शिनियाला त्या पोरीचा चांगुलपणाही सहन होईना. क्षणभर वाटलं, गप्प बसावं, प्रकरण मिटलंच आहे. मग ती परत दार लोटून आत गेली. ते वाक्य मी जाणूनबुजून लिहिलं, असं तिने ओल्मनना सांगितलं. कारणही सांगितलं. सांगताना तिचे कान तापले होते. ओल्मन चष्मा काढून पुसत म्हणाले, पुढचे दोन व्हिडिओ तू लिहिणार नाहीस. हा मात्र उद्या दुरुस्त करून दे.

दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग पुन्हा चित्रित झाला. कॉम्प्युटरसाठी तांत्रिक मदत कक्ष, सुट्टीसाठी मनुष्यबळ विभाग, कॉलच्या अडचणीला गटप्रमुख, आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिला आठवडाभर एक सोबती. शिनिया कॅमेऱ्यामागे कागद धरून उभी होती. ‘मनुष्यबळ’वर योर्लेनी दोनदा अडखळली.

“श्वास घे. घाई नाही,” शिनिया म्हणाली.

तिसऱ्यांदा योर्लेनी सुरेख बोलली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिनियानेही वाजवल्या. छातीत अजून काहीतरी टोचत होतंच. तिने कागद दुमडला आणि योर्लेनीला विचारलं, आज दुपारी सोबत जेवायला येशील का.