बत्तीस चौकोनांतली बाई

मी नाशिकमध्ये आहे हे माझ्या नवऱ्याला, रविराजला कळू नये, या एका गोष्टीभोवती माझी दोन वर्षं रचलेली होती. देवळ्याचं घर सोडलं तेव्हा नंबर बदलला, माहेरचं आडनाव परत लावलं, स्वतःचा फोटो कुठे टाकला नाही. माझ्या भावालाही मी फक्त शहराचं नाव सांगितलं होतं, रस्त्याचं नाही.

गंगापूर रोडला एका औषधाच्या दुकानाच्या वर मुस्तकीमभाईंचं गेम बनवण्याचं ऑफिस आहे. दोन खोल्या, एक गॅलरी. रुखसार प्रोग्रॅमिंग करते, मी चित्रांचं बघते. मला चित्र काढता येत नाही. मी फिजिक्सची एम. एस्सी. आहे, काय दिसायला हवं ते मोजून सांगता येतं, आणि चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलला तेवढंच लागतं.

गेममध्ये हलणाऱ्या आकृतीला आम्ही स्प्राइट म्हणतो. त्या आठवड्यात आलेलं काम एकाच स्प्राइटचं होतं: रस्त्यावरून चालणारी बाई. बत्तीस बाय बत्तीस चौकोन, आठ रंग, काटेकोर बाजूने दिसणारी. क्लायंट ऑनलाइन आलेला होता, खात्याचं नाव इंग्रजी, फोटोच्या जागी राखाडी गोल. गेमचा नायक तयार आहे असं त्याने लिहिलं होतं. फक्त ती हवी होती, जिला नायकाने पकडायचं. शेवटी एक ओळ होती: सगळं काम एकाच आर्टिस्टने करावं.

“शिस्तीचा माणूस दिसतोय,” मुस्तकीमभाई म्हणाले. “मॅडम, तुमचीच जात.”

बाजूने दिसणारी आकृती मागणं वाटतं तितकं सोपं नसतं. मॉडेल ज्या चित्रांवर शिकलेलं असतं त्यांत माणसं बहुतेक समोरून किंवा तिरकी असतात. त्यामुळे बाजूने मागितलं तरी ते चेहरा जरासा पाहणाऱ्याकडे वळवतं, आणि नाकापलीकडून दुसरा डोळा डोकावतो. बरं, ‘समोर वळलेली नको’ असं लिहिलं की हमखास वळते. ‘नको’ त्याच्या हातून निसटतं, ‘समोर’ तेवढं पकडतं. म्हणून जे हवं तेच लिहायचं. एकच डोळा. नाक चेहऱ्याच्या उजव्या कडेवर. दोन्ही पावलं एकाच रेषेवर. मागे एकच सपाट रंग, सावली नाही.

येतं ते चित्र मोठंच येतं. चौकोन दिसतात, पण एकसारखे नसतात. ते बत्तीसवर आणायचं, शेजारचे रंग एकमेकांत न मिसळता. मग आठ रंगांच्या पट्टीत बसवायचं. उरलेली घाण हाताने एकेक चौकोन पुसून काढायची. पहिलं चित्र पास झालं की तेच पुढच्या प्रत्येक वेळी नमुना म्हणून द्यायचं आणि फक्त पाय बदलून मागायचे. नाहीतर दर पावलाला वेगळीच बाई येते.

पहिलं चित्र पाठवलं. उत्तर लगेच आलं. वेणी नको, अंबाडा, मानेवर खाली. मी बदललं. मग मान एक चौकोन पुढे. मग पिशवी, कापडी, डाव्या खांद्यावर. मग ओढणी मोहरीच्या रंगाची. एवढ्याशा जागेत चेहरा नसतोच. डोळा म्हणजे एक गडद चौकोन. माणूस ओळखू येतो तो बाह्यरेषेवरून आणि दोन-तीन रंगांवरून. हे ज्याला कळतं असा क्लायंट क्वचित मिळतो. मला तो आवडायला लागला होता, हे खरं.

चालीची सहा चित्रं पाठवली तेव्हा त्याने लिहिलं: तिसऱ्या चित्रात उजवी टाच उचलली जाऊ नये. पाऊल सपाट राहावं, डोकं एक चौकोन खाली यावं.

“लंगडी करायचीय का त्याला?” रुखसारने माझ्या खांद्यावरून वाचत विचारलं.

“पकडायला सोपी म्हणून असेल.”

“मग नायक कसला? लंगडीला पकडणारा.”

मी हसले. माझाही उजवा घोटा एकदा मोडलेला आहे. देवळ्याच्या घराच्या जिन्यावरून पडले, असं मी सगळ्यांना सांगते. पण तो पूर्ण बरा झाला होता. मला चालताना काही जाणवत नव्हतं, आणि आरशात स्वतःकडे चालत गेलं तर काही दिसतही नाही.

तिसरं चित्र दुरुस्त केलं. मॉडेलला सपाट पाऊल पटेना. ते सारखी टाच उचलून देत होतं, म्हणून ते चार चौकोन मी हातानेच बसवले.

नंतर आला तो निरोप मी दोनदा वाचला. आकृती आरशासारखी उलटवू नका, दोन्ही दिशांची वेगळी चित्रं द्या.

असं कोणी मागत नाही. उजवीकडे चालणारी बाई एकदा केली की डावीकडे चालणारी फुकट मिळते. गेम स्वतःच चित्र उलटवतो. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते, लंगडा पाय बदलतो, आणि खेळणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. मी तसं लिहून कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: पिशवी जाताना दिसत नाही, येताना दिसते.

बरोबरच होतं ते. उजवीकडे तोंड असलेल्या आकृतीची उजवी बाजू आपल्याकडे असते, डाव्या खांद्यावरची पिशवी अंगाआड जाते. पण उजवीकडे आणि डावीकडे असं न म्हणता त्याने जाताना आणि येताना म्हटलं होतं. मला ते खटकलं. काय खटकलं ते मात्र सांगता येईना, म्हणून मी कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर रुखसारने दोन्ही बाजूंची चित्रं गेममध्ये टाकली. रिकामा रस्ता, खाली एक राखाडी पट्टा. बाई उजवीकडे चालत गेली, पडद्याच्या कडेला थांबली, परत डावीकडे आली. मी चहाचे कप धुवायला गॅलरीत निघाले होते. रुखसार माझ्याकडे बघत होती. मग पडद्याकडे. मग परत माझ्याकडे.

“सृष्टी, जरा परत चाल गं.”

“का?”

“चाल ना. पिशवी घे, दारापर्यंत जा आणि ये.”

मी गेले, आले. तिने फोन आडवा धरला होता.

“ही तू आहेस,” ती म्हणाली.

“काहीतरीच.”

“अगं, मी रोज मागे बसून तुला जाता-येता बघते. मला ओळखता येणार नाही का?”

तिने फोन पडद्याशेजारी धरला. अंबाडा, पुढे आलेली मान. डाव्या खांद्यावर पिशवी अडकवून मी दाराकडे जात होते आणि ती दिसत नव्हती. उजवं पाऊल जमिनीवरून सपाट उठत होतं, आणि त्याच वेळी डोकं जरासं खाली येत होतं. दर वेळी.

मी स्वतःला बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. कोण पाहतं? ती बाजू दुसऱ्यांची असते.

“कोण आहे हा?” रुखसारने विचारलं. “ओळखीचा आहे?”

मी उत्तर देण्याआधी मुस्तकीमभाई आतल्या खोलीतून आले. “मॅडम, तुमच्या शिस्तवाल्याचा निरोप आलाय. शेवटचा बदल म्हणतो. ओढणीचा मोहरी रंग काढून गडद हिरवा घाला. रंग आठच राहू द्या.”

रुखसार माझ्या ओढणीकडे बघत राहिली. ती आदल्या संध्याकाळी घेतलेली होती, रोजच्या मोहरीऐवजी आज पहिल्यांदाच बाहेर निघाली होती. गडद हिरवी.

मी खुर्चीत बसले. मी मुस्तकीमभाईंना रविराजबद्दल सांगितलं, घोट्याबद्दलही, या वेळी जिन्याचं नाव न घेता. ते हळूच म्हणाले, “पण त्याला ऑफिस कसं सापडलं? आपण तर कुठेच तुमचं नाव…”

ते थांबले. तिघांनाही एकदमच आठवलं. दिवाळीचा फोटो. ऑफिसच्या ऑनलाइन पानावर टाकायला काढलेला. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मी कडेला, तोंड वळवून उभी. चेहरा दिसत नाही म्हणून मी हरकत घेतली नव्हती. तोंड मीच वळवलं होतं. काटेकोर बाजूने.

“म्हणजे त्याला ठाऊक होतं हे तूच काढतेयस म्हणून,” रुखसार म्हणाली.

“त्याला मीच काढायला हवी होते.”

मुस्तकीमभाई गॅलरीत जाऊन रस्ता बघून आले. समोर खूप माणसं आहेत, म्हणाले, कुणीही असू शकतो. निरोपाला उत्तर देऊ नका, असं मी त्यांना सांगितलं, आणि सगळी संभाषणं पोलिसांना दाखवायला साठवून ठेवा. मला आता एक काम दिसत होतं, आणि ते मला येत होतं.

बत्तीस चौकोनांत मी कशावरून ओळखू येते? अंबाडा, मान, पिशवी, ओढणी, चाल. एकेक काढायचं. रुखसारने आपलं हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं: अंबाडा गेला, मान गेली. मुस्तकीमभाईंचं काळं जाकीट ढगळ बसलं, खांद्यांची रेषा बदलली. ओढणी आणि पिशवी रुखसारच्या स्कूटीच्या डिकीत. राहिली चाल. ती काढता येत नव्हती, म्हणून भाईंनी स्कूटी मागच्या बोळात, जिन्याच्या पायरीला लावून ठेवली. मी एकही पाऊल रस्त्यावर टाकलं नाही. बसलेल्या आकृतीला चाल नसते.

“आधी पोलीस स्टेशन,” रुखसार म्हणाली. “मग माझ्या घरी. अम्मीला फोन केलाय. नीट धर मला.”

बोळ पुढे मुख्य रस्त्यालाच मिळतो. सिग्नल लाल होता. संध्याकाळची गर्दी, भेळेच्या गाडीवरचा पिवळा दिवा, आणि त्या दिव्याखाली तो उभा होता. आमच्यापासून रस्त्याच्या रुंदीएवढा लांब. पोट सुटलं होतं, केस तसेच. फोन हातात आडवा धरलेला. ऑफिसच्या दाराकडे बघत होता, मी रोज ज्या दारातून बाहेर पडते तिकडे, आणि त्यामुळे आम्हाला तो पूर्ण बाजूने दिसत होता. एक डोळा. नाक कडेवर.

“तोच का?” रुखसारने मान न वळवता विचारलं. माझी बोटं तिच्या कमरेत रुतली होती.

वळू नकोस, वळू नकोस, असं मी मनात म्हणत होते. मग लक्षात आलं की हे असं म्हणायचं नसतं. जे हवं तेच म्हणायचं. एकच डोळा, मी म्हणाले. नाक उजव्या कडेवर. पावलं एका रेषेवर.

सिग्नलवरचे आकडे उतरत होते. भेळवाल्याने त्याला काहीतरी विचारलं. त्याने हातानेच नको म्हटलं. फोन खिशात घातला, बहुधा कंटाळून, आणि थांबलेल्या गाड्यांवरून नजर फिरवत त्याचा चेहरा हळूहळू, एका एका चौकोनाने, आमच्याकडे यायला लागला. नाकापलीकडून दुसरा डोळा दिसला.

रुखसारने गाडी सोडली. दिवा हिरवा झाला होता की नाही, मी पाहिलं नाही.