शून्य टक्क्यांवर

"तयारी सुरू आहे, शून्य टक्के." बॅकअपच्या स्क्रीनवर सकाळपासून तेच. मोबाईल दुरुस्तीवालीचं डोकं फिरलं होतं. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला गेलेल्या लेकीच्या फोनमधलं चॅट पोलिसांना द्यायचं होतं. सासरच्यांनी तिला कसं छळलं, ते सगळं त्यात होतं.

वायफाय ठीक होतं, बॅटरी सेव्हर बंद होता, बॅकअपच्या ऑनलाइन खात्यातही जागा होती. व्हिडिओ वगळून पाहिलं, तरी गाडी हलेना. मग तिने फोनची मेमरी उघडली. ती काठोकाठ भरलेली.

"काका, बॅकअपची कॉपी आधी फोनमध्येच तयार होते, मग वर जाते. इथे तिला पाय ठेवायला जागा नाही."

सगळी जागा कॉल रेकॉर्डिंगनी खाल्ली होती. शेकडो, आणि प्रत्येकावर नाव एकच: बाबा.

तिने ती कॉम्प्युटरवर घेतली आणि नीट आली का, म्हणून एक लावून पाहिलं. म्हाताऱ्याचाच आवाज घुमला, "रडू नकोस. मरायचं तर तिथेच मर, पण परत येऊ नकोस."

तिने फोनमधली रेकॉर्डिंग पुसली. बॅकअप एक टक्क्यावर गेला.

"कॉम्प्युटरवरचीही पुसा," म्हातारा मान खाली घालून म्हणाला. "पोलिसांना चॅट पुरे."