पाव सेकंद उशीर

मोठ्या राणीचा आवाज म्हणजे माई. परक्या भाषेतून आलेल्या त्या मालिकेत राणी पहिल्या भागापासून कारस्थानं करत होती आणि पहिल्या भागापासून माईंच्याच गळ्यातून बोलत होती. पडद्यावरची राणी कधी श्वास घेईल, कधी तोंड मिटेल, हे माईंना स्वतःच्या नवऱ्यापेक्षा जास्त कळत होतं. नवऱ्याचं तोंड मिटतच नाही, असंही त्या वर सांगत.

तर अशा माईंना डबिंग दिग्दर्शकाचा फोन आला.

"माई, वाईट वाटून घेऊ नका. पण गेल्या काही भागांत ओठ सुटतायत तुमचे. प्रत्येक वाक्य मागे पडतंय. वयापुढे कुणाचं चालतं? आता आराम करा. राणी आपण त्या नव्या मुलीला देतोय, युनिटलाही तसं सांगितलंय, उद्या तिचं पक्कं करतो."

फोन ठेवला तेव्हा माईंच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. ओठ सुटतायत! त्यांच्या हातून कप सुटला असता तर त्यांनी मान्य केलं असतं. पाय मोडला होता हे तर उघडच होतं. बाथरूममध्ये घसरल्या आणि घोट्याचे तीनतेरा वाजले. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून तर स्टुडिओने घरी एक संच पाठवला होता: फोन, त्याला जोडायचा माइक आणि चकचकीत वायरलेस इयरबड. फोनला भोक एकच, त्यात माइक बसला की वायरचा हेडफोन लावायला जागा नाही. गेले काही भाग माई त्यावरच बोलल्या होत्या. असाच दुसरा संच, घरून नमुना पाठवायला, नव्या मुलीकडे होता. बाकीची मंडळी जिने चढत होती.

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला. "किती दिवस त्या राणीचं ओझं वाहणार?"

"तुमचं वाहतेच आहे ना?" माई म्हणाल्या आणि दिग्दर्शकाने परत पाठवलेला भाग लावून बसल्या.

पहिलं वाक्य मागे होतं. खरंच होतं. दुसरंही मागे. रागाचं मागे, रडण्याचं मागे, नुसतं "हं" म्हटलेलं, तेही मागे. दहा-बारा वाक्यं ऐकल्यावर मात्र त्यांच्या कपाळावर आठी आली. सगळं मागे होतं, पण सारखंच मागे. लांब वाक्याला जेवढा उशीर, तेवढाच साध्या उसाशाला. दमलेलं माणूस कुठे अडखळतं, कुठे घाई करून गाठतं. म्हातारपण इतकं शिस्तीत येत नाही.

लेक मोबाइलच्या दुकानात काउंटर सांभाळायची. ती घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच माईंनी तिला फोनपुढे बसवलं. लेकीने आधी इयरबडचा खोका पाहिला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आवाजाला विलंब जवळपास नाही. मग ती फोनच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये शिरली.

"हे बघ आई. फोनमधून कानात आवाज पाठवायचा तर आधी तो दाबून बारीक करावा लागतो, आणि कानात गेल्यावर पुन्हा उलगडावा लागतो. ती पद्धत म्हणजे कोडेक. खोक्यावरची बढाई या एका कोडेकची आहे, एपीटीएक्स लो लेटन्सी, म्हणजे कमी विलंबाचं. ते इयरबडला येतं. पण या फोनच्या यादीत ते नाहीच. दोघांना येत असेल तरच चालतं."

"मग आता काय चाललंय?"

"दोघांना येतं ते. एएसी. आवाज छान येतो, पण उशिराने येतो."

"पण मला तर राणीचे ओठ आणि आवाज बरोबर दिसतात की!"

"कारण फोन चित्रही तेवढंच थांबवून दाखवतो. तुला सगळं जागेवर वाटतं. तुझं बोलणं मात्र खऱ्या वेळेनुसार नोंदलं जातं. आम्ही दुकानात रोज हेच ऐकतो, फक्त गिऱ्हाइकाच्या तोंडी मोबाइलवरचा बंदुकीचा गेम असतो. तिथे चित्र थांबत नाही, म्हणून गोळी आधी सुटते, आवाज मागून."

माईंनी एक इयरबड उचलला, माइकच्या जाळीला टेकवला आणि डबिंगचं ॲप सुरू केलं. वाक्याआधी कलाकाराला सावध करणारे तीन ठोके असतात, टिक टिक टिक. ते इयरबडमधून वाजले, माइकने टिपले. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. वरच्या रेघेवर मूळ ठोके, खालच्या रेघेवर टिपलेले. खालचे तिन्ही उजवीकडे सरकलेले, जवळपास पाव सेकंदाने. माईंनी तर तोंडही उघडलं नव्हतं; उशीर यंत्राचाच होता.

"मी ही नोंद दिग्दर्शकाला पाठवते," लेक म्हणाली.

"काही नको. माझी काठी कुठाय?"

दुसऱ्या दिवशी माई जिना चढल्या. प्रत्येक मजल्यावर थांबल्या, दिग्दर्शकाच्या नावाने दोन शब्द बोलल्या आणि पुढे निघाल्या. त्या पोहोचल्या तेव्हा स्टुडिओत सगळे जमले होते, नवी मुलगीसुद्धा. ध्वनिमुद्रकाने, ज्याला सगळे कानसेन म्हणत, नव्या मुलीने घरून पाठवलेला नमुना लावला होता. माई दारातच उभ्या राहून ऐकू लागल्या. मुलगी गुणी होती. आणि मागे होती. तेवढीच.

"थोडी मागे आहे," दिग्दर्शक मान डोलावत म्हणाला. "पण नवी आहे, सरावाने येईल."

माईंची काठी फरशीवर आपटली.

"अरे वा! तिचा उशीर म्हणजे सराव, आणि माझा म्हणजे वय?"

सगळे वळले. कुणीतरी खुर्ची पुढे केली. माईंनी ती काठीने बाजूला सारली, पिशवीतून फोन काढला, इयरबड माइकला टेकवला. टिक टिक टिक.

"कानसेन, बघ रे रेघा."

कानसेन वाकला. त्याने रेघ मोजली, मग माईंचा परत पाठवलेला भाग उघडला, आवाजाची सगळी पट्टी तेवढीच डावीकडे ओढली आणि वाजवली. राणी बोलली. ओठ, श्वास, उसासा, सगळं चपखल. मग त्याने मुलीची पट्टी ओढली. तीही बसली. मुलीने सुटकेचा मोठा श्वास सोडला. आपलंच चुकतंय असं तिने धरून घेतलं असणार.

माईंनी इयरबड चिमटीत धरून दिग्दर्शकाच्या नाकापुढे नेला.

"याचं वय काय हो, साहेब? अजून खोक्याचा वास येतोय याला."

दिग्दर्शकाचा चेहरा पडला. "गैरसमज झाला, माई. विषय संपला. आता हा कानसेन दर वेळी पट्टी सरकवेल, तुम्ही घरीच..."

"इयरबड पुन्हा जोडला की उशिराचा आकडा थोडा हलतो," कानसेन पुटपुटला. "ओठ जुळवायला वायरच बरी."

"विषय संपला नाही," माई म्हणाल्या. "मी म्हातारी झाले हे तुम्ही एकट्या मला सांगितलं नाहीत, अख्ख्या युनिटला सांगितलंत. तेवढ्याच मोठ्याने दुसरंही सांगा. आणि या पोरीलाही सांगा, ती मागे नव्हती."

दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं. कुणी त्याच्या मदतीला आलं नाही. शेवटी तो बोलला, "माई मागे नव्हत्या. हीसुद्धा नव्हती. आपला संच मागे होता. चूक माझी."

माईंना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "तिला दुसरी भूमिका शोधा," त्या जाता जाता म्हणाल्या. "राणी रिकामी नाही."

आतल्या खोलीत त्यांनी वायरचा जुना, कानांवर घट्ट बसणारा हेडफोन चढवला. कानसेनने उंच स्टूल ठेवलं होतं. काठी त्याला टेकवून त्या दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या. घोटा ठणकत होता. काचेपलीकडे दिग्दर्शक उभा होता. समोर चित्र सुरू झालं, राणीने दरबाराकडे मान वळवली. टिक टिक टिक.

"कोण म्हणालं मी थकले?" माईंच्या गळ्यातून राणी गरजली. "आणा त्याला माझ्यापुढे!"

काचेपलीकडे दिग्दर्शक एक पाऊल मागे सरकला. कानसेनने रेघेकडे पाहिलं आणि त्याचा आवाज हेडफोनमध्ये आला, "जागेवर आहे, माई. पुढचं घ्या."