फॉर्म उघडण्याआधी

आमच्या विभागात मला मागून ‘हवालदार’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या तळघरात निर्जंतुकीकरणाचा विभाग. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, पॅक करायची, वाफेच्या मशीनमध्ये घालायची आणि वर थिएटरमध्ये पाठवायची. बावीस वर्षं हेच करतेय. इथे लाडीगोडी लावून भागत नाही, असं माझं मत. त्यापायीच आधीचा शिकाऊ महिन्याभरात पळाला. पहिल्याच बैठकीत मी त्याला विचारलं होतं, “काय काय येत नाही, ते सांग.” त्याने “सगळं येतं” म्हणून सांगितलं आणि महिना संपायच्या आत राजीनामा दिला.

म्हणून नवी मुलगी माझ्या हाताखाली दिली, तेव्हा मोठ्या मॅडमनी स्पष्टच सांगितलं, “हीसुद्धा गेली तर दुसरं माणूस मिळायचं नाही. आणि नीट बोला हो तिच्याशी.”

नीट बोला! मी घरी येऊन धुसफुसले. माझी मुलगी एका कंपनीत नव्या लोकांना शिकवते. ती म्हणाली, “आई, आधी हसून नमस्कार कर, मग काहीतरी हलकं विचार. फॉर्म नंतर.”

“हलकं म्हणजे?”

“ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही, असं.”

मी नवऱ्यावर सराव केला. समोर बसवलं आणि विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“साहेब, मी काही केलं नाही,” तो हात वर करून म्हणाला. मुलगी हसून हसून बेजार झाली. मी रागावून आत गेले, पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यावरच विचार करत होते. खरंच, मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नात तपासणी होती. घरचं विचारलं तरी तपासणी, जेवलीस का विचारलं तरी तपासणी.

बैठक सकाळी साडेनऊची होती. त्याआधी मला वर कार्यालयात जाऊन मूल्यमापनाचा फॉर्म आणायचा होता. कारकून काही सापडेना, फॉर्म मिळेना, आणि सात ते नऊचा सगळा वेळ त्यातच गेला. खाली ती नवी मुलगी एकटीच होती. दोन आठवडे माझ्यासोबत मशीन लावायला शिकली होती, आज पहिल्यांदाच एकटीने लावणार होती. मी उतरले तेव्हा पहिली खेप निघून वर गेलीसुद्धा होती. मला बरं वाटलं. जमतंय पोरीला, म्हटलं.

ती आमच्या छोट्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. हात मांडीवर, नजर माझ्या हातातल्या फॉर्मवर. टोपीच्या इलॅस्टिकचा लाल वळ कपाळावर तसाच. फॉर्मवरचा पहिला प्रश्न मला पाठ होता: सकाळची चाचणी स्वतंत्रपणे वाचता येते का? हो किंवा नाही. सवयीने मी पेनाचं टोपण काढलं. मग घरी माझ्या मुलीने सांगितलेलं आठवलं, आणि ते पुन्हा लावून फॉर्म खुर्चीखाली ठेवला.

“नमस्कार,” मी म्हटलं. माझ्याच तोंडी ते अवघडलेलं वाटलं. “बस ना नीट मागे. मला सांग, सकाळी तुला कोण उठवतं, गजर की आई?”

ती क्षणभर बावचळली. मग हसली. “गजरच, ताई. पाच लावते. पाचवा आईच बंद करते आणि वर ओरडते.”

“माझ्या नवऱ्याला तर गजर वाजला की फोन कुठे आहे तेच कळत नाही. उशीखाली, पांघरुणात, सगळीकडे शोधतो. तोवर अख्खी बिल्डिंग जागी होते.”

ती खळखळून हसली, खुर्चीत मागे सरकली. मलाही हसू आलं. आमच्या त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कोणी असं हसलं असेल.

“आज मात्र एकही गजर लागला नाही,” ती म्हणाली. “चार वाजताच जाग आली. एकटीने मशीन लावायचं होतं ना.”

“मग? कसं गेलं?”

तिची नजर खुर्चीखालच्या फॉर्मकडे गेली. पुढचा प्रश्न घाईने विचारू नये म्हणून मला जीभ दाताखाली धरावी लागली.

“ताई, एक विचारू? रागवणार नाही ना? तो सकाळचा चाचणीचा कागद… मधोमध जरा फिका राहिला तर चालतं का?”

मशीन रिकामं असताना सकाळी एका चाचणी पॅकमध्ये तो कागद घालतात. सगळीकडे सारखा रंग आला तर वाफ आतपर्यंत पोचली. मधला भाग फिका राहिला तर आत हवा अडकलीये, आणि मग त्या मशीनमधलं काहीच वापरायचं नसतं.

“किती फिका?” मी शक्य तितक्या हळू विचारलं.

“फार नाही. मला वाटलं, माझे डोळेच चुकतायत. विचारायला कोणी नव्हतं. मी ‘उत्तीर्ण’ लिहिलं.” तिचे डोळे भरले. “पॅकवरच्या पट्टीचा रंग बदलला होता, म्हणून पाठवलं. पण तेव्हापासून मनात तेच घोळतंय.”

बाहेरची पट्टी फक्त एवढंच सांगते की पॅक मशीनमधून जाऊन आला. आतलं काही सांगत नाही. मी फोन उचलला. थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या, दहाच्या ऑपरेशनचा सेट टेबलावर आहे, अजून उघडला नाही.

“उघडू नका. त्या खेपेतलं काहीच उघडू नका. कालचा, दुसऱ्या मशीनमधला सेट पाठवतेय.”

ट्रॉली घेऊन ती धावली. मी चाचणी पुन्हा लावली. पाऊण तासाने कागद काढला, तर मधला भाग पुन्हा फिका. यात डोळे चुकायचा प्रश्नच नव्हता. मशीन बंद केलं, दारावर पाटी लावली, मेकॅनिकला बोलावलं. त्याने दरवाजाचं रबर दाखवलं, एका कडेने फाटलेलं. तोवर खेपेतले सगळे पॅक मोजून परत आले होते. आठच्या आठ, एकही न उघडलेला. मी स्टुलावर बसले. सुटलो, एवढंच मनात येत होतं.

तिने नोंदवहीतला ‘उत्तीर्ण’ एका रेषेने खोडला, बाजूला खरं काय ते लिहिलं आणि सही केली. खाली मी सही केली.

इतक्यात सर्जनचा फोन आला. ऑपरेशनला चाळीस मिनिटं उशीर, तळघरात काय झोपा काढता का, आणि जबाबदार कोण?

“मी,” मी म्हटलं. “सकाळी कागद वाचायला तिच्यासोबत मी असायला हवं होतं, आणि मी वर फॉर्म शोधत होते. ज्या मुलीने ही चूक सांगितली, तिच्यामुळे तुमचा पेशंट वाचलाय, डॉक्टर.”

पलीकडून “ठीक आहे,” एवढंच ऐकू आलं. मी फोन ठेवला. नवी मुलगी दारात उभी होती, डोळे पुसून झाले होते.

“ताई, आपली बैठक अर्धीच राहिली,” ती म्हणाली. “उद्या लवकर येऊ का? मला अजून बऱ्याच गोष्टी येत नाहीत, त्या सांगायच्यात.”