पेपरचे पेढे

पीएचडीनंतरच्या संशोधनपदाच्या, पोस्टडॉकच्या अर्जासाठी वेदिका सीव्ही लावत होती. मागून तिच्या वडिलांनी, आप्पांनी डोकावलं.

"वेदू, सगळ्यात वर कुठला शोधनिबंध?"

"कांद्याच्या काळ्या बुरशीवरचा. प्रकाशनांत नवा पेपर आधी लावतात."

"म्हणजे छापला! थांब, पेढे आणतो."

पेपर अजून परीक्षकांकडेच होता. छापलेल्यांत त्याची जागा नव्हती. ती गप्प बसली. आप्पांनी सोसायटीभर पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच गेले.

भेटायला येणारा जो तो त्या पेढ्यांचीच आठवण काढायचा. तिची मान वर होईना.

तेरावं झाल्यावर तिने तो पेपर ‘परीक्षणाधीन’ या वेगळ्या मथळ्याखाली हलवला. अनुदानं, परिषदांतली व्याख्यानं, अध्यापन, सगळं जागच्या जागी होतं. अर्ज पाठवून ती फोटोसमोर आली.

"आप्पा, पेपर छापलेला नव्हता. तुम्ही पेढे आणायला निघालात, तेव्हाही मला माहीत होतं."