प्रसेनजीतचं खोडलेलं गणित

गवंडीकाम करणाऱ्या गणपती कांबळ्यांचा अर्ज सयाजीराव पोवारांनी दोनदा वाचला. कोल्हापुरातल्या त्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांनी पालकांचे नाना तऱ्हेचे अर्ज पचवले होते, पण हा काही घशाखाली उतरेना.

कांबळ्यांचा प्रसेनजीत आठवीला गणितात चौतीस गुण मिळवून नापास झाला. एका गुणानं! ‘समलंब चौकोनाचं गणित माझं बरोबर होतं,’ असं तो बापाला सांगत राहिला. बापानं खोटारडा म्हणून त्याच्याशी बोलणंच टाकलं. मे महिन्यात पोराला कावीळ झाली आणि तो गेला. आता बाप लिहीत होता: ‘माझा मुलगा खरं बोलत होता का, एवढं सांगा. उपकाराचे गुण नकोत.’

सयाजीरावांनी पेपर काढून घेतला. गणित बरोबर सोडवलेलं होतं, पण त्यावर आडवी रेघ होती. खाली दुसऱ्याच रीतीनं केलेलं होतं, ते चूक.

“द्या की सर एक गुण,” गणिताच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. “पोरगं गेलंय. कुणाचं काय जातंय?”

सयाजीरावांचंही मन तेच म्हणत होतं. पण एका गुणानं राहिलेली आणखी दोन पोरं वर्गात जिवंत होती, त्यांना काय सांगायचं? त्यांनी स्वतः पत्र लिहिलं.

‘श्री. गणपतराव कांबळे यांस सप्रेम नमस्कार. आपल्या दुःखात शाळा सहभागी आहे. पेपर मी स्वतः तपासला. प्रसेनजीतने बरोबर उत्तर लिहिले होते, तो खरेच बोलत होता. मात्र ते त्याने स्वतः खोडले. खोडलेले उत्तर तपासता येत नाही, त्यामुळे गुणांत बदल करणे मला शक्य नाही. आपण केव्हाही येऊन पेपर पाहावा.’

पत्र चोख झालं म्हणून सयाजीरावांना जरा बरंही वाटलं. मास्तरांची जातच तशी.

दोन दिवसांनी गणपती आले, कामावरूनच. नखांत सिमेंट होतं, म्हणून पेपरला हात न लावता नुसतेच वाकून बघू लागले. खोडलेल्या गणितावरून नजर खालच्या गणितावर गेली आणि तिथंच थांबली.

“समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची, मग गुणायचं,” ते हळू बोलले. “ही आमची जागा मोजायची रीत हाय, सर. परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच शिकवली. म्हटलं, पुस्तकातलं सोड, बापाचं ऐक.”

सयाजीराव खालचं गणित पुन्हा बघू लागले.

“पोरानं माझं ऐकलं की वो,” गणपती म्हणाले. “आन घरी एका शब्दानं बोललं न्हाय, की तुमच्यामुळं चुकलं.”

ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. सयाजीराव उठून त्यांच्या शेजारी उभे राहिले. गुण न दिल्याचा त्यांना पस्तावा नव्हता. आपण या माणसाला पेपर बघायला बोलावलं, याचा मात्र झाला, आणि तो पुढं नोकरी संपेपर्यंत गेला नाही.